डॉक्टर करंदीकरांचा डेटा आणि गच्चीवरची टाकी

मुलीला मूत्रपिंड द्यायचं होतं तेव्हा मला हॉस्पिटलच्या समितीपुढे एकदा बसावं लागलं. चार प्रश्न विचारले, कागद बघितले, "माँ हैं, देंगी ही" म्हणाले आणि मोकळे झाले. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरची टाकी धुवायची तर तीन बैठका झाल्या, आणि तिसऱ्या बैठकीतही निर्णय असा झाला की चौथी घ्यावी.

आमची बिल्डिंग लखनऊच्या तेलीबागेत, रायबरेली रोडपासून आत. निवृत्त शास्त्रज्ञांनी आणि आम्हा बँकवाल्यांनी मिळून बांधलेली. त्यामुळे साधा बल्ब गेला तरी आधी त्याची कारणमीमांसा होते, मग उपसमिती नेमली जाते आणि तोवर गर्गजी स्वतःच्या खिशातला बल्ब लावून येतात. गर्गजी तळमजल्यावर राहतात, त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. या बिल्डिंगमध्ये कामाचा माणूस तेवढा एकच.

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष डॉक्टर सुबोध करंदीकर. हे औषधवाले डॉक्टर नव्हेत, पीएचडीवाले. आयुष्यभर एका संशोधन संस्थेत विषारी पदार्थांवर काम केलं. माणूस लाखात एक, मदतीला रात्रीअपरात्री धावणारा; पण एकदा का "डेटा" हा शब्द तोंडातून निघाला की मग ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही. त्यांची बायको गीता माझी मैत्रीण. ती म्हणते, "लग्नाच्या वेळी मुलगी बघायला आले होते तेव्हाही यांनी पोहे दोनदा मागितले. का, तर एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही."

तर त्या वर्षीची गोष्ट. मार्चअखेर आमच्या सुरुचीचं ट्रान्सप्लांट झालं. वय एकोणतीस. दीड वर्ष डायलिसिसवर होती. गळ्यात नळी, नळीवर पट्टी, आणि पट्टीला पाणी लागता कामा नये, नाहीतर इन्फेक्शन. म्हणजे दीड वर्षात पोरीने डोक्यावरून अंघोळ केली नव्हती. केस मीच धुवायचे, पलंगावर आडवी निजवून, मान बाहेर काढून, मगाने इतकं इतकं पाणी घालत. तिचे लांब केस तिने स्वतःच कात्रीने कापून टाकले, त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन कुकरच्या शिट्टीच्या आवाजात रडून घेतलं.

आता नळी निघाली होती. माझं मूत्रपिंड तिच्या पोटात रुळत होतं. मी आठवड्यात घरी आले. ती आणखी काही आठवडे हॉस्पिटलजवळच्या खोलीत, तिचा मामा सोबतीला. फोनवर रोज एकच गोष्ट. "मम्मा, घर आते ही सबसे पहले शॉवर. आधा घंटा. कोई दरवाज़ा नहीं खटखटाएगा." आमची लेक मराठी सगळं समजते, बोलते मात्र लखनऊचं. माझ्या सांगलीच्या आईला हे ऐकवलं असतं तर तिने मलाच दोन दिल्या असत्या.

घरी सोडण्याआधी डॉक्टरबाईंनी मला बसवून सांगितलं. शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून जी औषधं दिली आहेत त्यांनी तिची प्रतिकारशक्ती दाबून ठेवली आहे. प्यायचं पाणी उकळूनच. पण नुसतं तेवढ्यावर भागणार नाही. दात घासायचं, भाजी धुवायची, अंघोळीचं पाणी, तेही स्वच्छ हवं. "आंटी, आपके यहाँ ओवरहेड टैंक कब साफ़ हुआ था?"

मला आठवेचना. घरी येऊन दिनकरना विचारलं. दिनकर म्हणजे माझे यजमान. कानाला कमी ऐकू येतं, मशीन आहे, पण ते कानापेक्षा शर्टाच्या खिशातच जास्त असतं. ते म्हणाले, "चाकी? कसली चाकी?" मग मी गर्गजींना विचारलं. त्यांनी डोकं खाजवून सांगितलं, "भाभीजी, नोटबंदी के बाद तो नहीं हुई."

मी टाके सांभाळत गच्चीवर गेले. आमची टाकी काँक्रीटची, उभा माणूस आत मावेल एवढी, वर चौकोनी तोंड. त्या तोंडावर झाकण म्हणून सिमेंटचा एक पत्रा, तोही एका कोपऱ्याला फुटलेला, आणि उडू नये म्हणून त्यावर वीट. हवेसाठी वर जो वाकडा पाइप असतो त्याची जाळी गायब, तिथून कबुतराचं पीस डोकावत होतं. मी पत्रा थोडा सरकवून मोबाइलचा टॉर्च मारला. तळाला चॉकलेटी गाळ, भिंतींना खाऱ्या पाण्याचा पांढरा थर आणि त्याच्यावर हिरवं शेवाळ. पाण्यावर काहीतरी तरंगत होतं, ते काय आहे हे मी मुद्दाम बघितलं नाही.

या पाण्यात माझी पोर अर्धा तास न्हाणार होती.

मी बैठक बोलावली. डॉक्टर करंदीकर फाइल घेऊनच आले. म्हणाले, "देवयानीताई, तुमची भावना मी समजतो. पण टाकी किती वेळा धुवावी हे भावनेने ठरत नाही. सहा महिने, वर्ष, हे सगळे ढोबळ आकडे आहेत. हजारो लिटर पाणी गटारात घालवायचं, कशासाठी? मी दर महिन्याला पाण्याची चाचणी करतो. सगळे निकाल स्वच्छ. ज्या दिवशी डेटा मागेल, त्या दिवशी टाकी धुवू."

आणि खरंच, चाचणी ते करत होते हो. छोट्या बाटल्या येतात बाजारात, आत औषध लावलेली पट्टी असते. पाणी भरून दिवसभर उबदार जागी ठेवायचं. मैल्याचे जंतू असले तर पाणी काळं पडतं. डॉक्टरांच्या बाटल्या वर्षानुवर्षं काळ्या पडलेल्या नव्हत्या. त्यांनी त्या रांगेने लावून फोटो काढून ठेवले होते. एवढे फोटो त्यांनी गीताचेही काढले नसतील.

"अहो, मी डोळ्यांनी गाळ बघून आले!" मी म्हटलं.

"डोळा हे उपकरण नाही, ताई."

बँकेत पस्तीस वर्षं ग्राहकांच्या शिव्या खाल्लेली बाई मी, पण असं वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. दुसरी बैठकही अशीच गेली.

तिसरी बैठक करंदीकरांच्याच घरी होती, संध्याकाळी. मी आल्याआल्या सांगितलं, "मला तुमचे फोटो नकोत. आत्ता, आमच्या सगळ्यांच्या समोर नमुना घ्या. काळा नाही पडला तर मी पुन्हा टाकीचं नाव काढणार नाही."

"अवश्य!" डॉक्टर खूश झाले. आव्हान मिळालं की त्यांच्या चेहऱ्यावर तेज येतं. आम्हा सगळ्यांना त्यांनी स्वयंपाकघरात उभं केलं. हात साबणाने धुतले. सिंकवरच्या नळाचं तोंड कापसाने पुसलं, मग लायटरच्या ज्योतीने नीट शेकलं, कारण नळाच्या तोंडाचे जंतू नमुन्यात यायला नकोत. काय ती शिस्त, काय ते कौतुक. डाव्या हातात बाटली धरून त्यांनी उजव्या हाताने नळ सोडला.

नळ सूं सूं करून गप्प झाला.

"पाणी नाही वाटतं आज," डॉक्टर म्हणाले.

"सड़क खुदी है ना, दोपहर से पाइपलाइन बंद है," गर्गजी म्हणाले. मग थांबले. मग हळूच म्हणाले, "लेकिन डॉक्टर साहब, टंकी तो फुल है. अभी ऊपर से ओवरफ्लो गिर रहा था."

क्षणभर मला काही कळलंच नाही. आणि मग कळलं ते सगळ्यांना एकदमच. आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक सिंकवर दोन नळ आहेत. एक नगरपालिकेच्या पाण्याचा, थेट रस्त्यावरच्या पाइपातून येणारा, म्हणून पिण्यासाठी. दुसरा टाकीचा, म्हणजे मोटरने वर चढवलेल्या बोअरच्या पाण्याचा, भांड्यांसाठी. डॉक्टरांनी इतकी वर्षं, इतक्या शिस्तीने, इतक्या लायटरच्या ज्योतींनी पिण्याच्या नळाचं पाणी तपासलं होतं. म्हणजे टाकीत जे गेलंच नव्हतं ते पाणी टाकीत स्वच्छ राहतं, हे त्यांनी शास्त्रशुद्ध सिद्ध केलं होतं.

"पण... लोक हेच पाणी पितात, म्हणून मी..." डॉक्टर एवढंच म्हणाले. गीता कपाळाला हात लावून खाली बसली. मी हसले. खोटं कशाला सांगू, पोटातल्या टाक्यांना कळ लागेपर्यंत हसले. मग बाथरूमच्या नळाचा, म्हणजे टाकीच्या पाण्याचा नमुना घेतला, आणि पुढचं ठरवायला चौथी बैठक घ्यायची असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर स्वतः बाटली घेऊन आमच्या दारात उभे. दिवसभर थांबायचीही गरज पडली नव्हती, पाणी काळंकुट्ट. त्यांचा चेहरा बघून माझं हसू आपोआप विरलं.

"ताई, सुरुचीला काही झालं असतं तर..."

"झालं नाही ना. आता टाकी धुवा," मी म्हटलं.

मग मात्र चक्रं फिरली. गर्गजींनी लोखंडी झाकण बसवलं, कडीकोयंडा केला, कुलूप आणलं. हवेच्या पाइपची जाळी दुसऱ्या दिवशी लावू म्हणाले. टाक्या धुणारी एक एजन्सी ठरवली; ते सोमवारी येणार, आणि सुरुची गुरुवारी. मी तेवढ्यात दिनकरना उठताबसता बजावून ठेवलं होतं: झाकण उघडं दिसलं की लावायचं, कुलूप घालायचं, किल्ली खुंटीवर. या माणसाला मी चौतीस वर्षं गिझर बंद करायला सांगतेय, त्यामुळे फारशी आशा नव्हती.

रविवार उजाडला. लग्नाचे दिवस, मागच्या लॉनवर कुणाची तरी वरात येणार होती आणि दुपारपासून डीजेवाला आवाज तपासत होता. भिंती थरथरत होत्या. दिनकर बाथरूममध्ये गेले आणि ओरडत बाहेर आले, "पाणी नाही!" मशीन अर्थातच खिशात. गच्चीवर जाऊन बघतो म्हणाले. थोड्या वेळाने आले ते छाती पुढे काढून.

"टाकी रिकामी आहे आणि झाकण उघडं होतं! तू सांगितलं होतंस ना? झाकण लावलं, कुलूप घातलं, किल्ली खाली गर्गजींच्या खुंटीवर ठेवली, आणि येताना मोटर लावून आलो."

मी थक्क झाले. संसारात पहिल्यांदा माझं ऐकलं म्हणून मी त्यांना चक्क चहा करून दिला. अर्धा कप प्यायले असतील नसतील, तोच दार वाजलं. गीता होती.

"देवयानी, आमचे हे इथे आलेत का गं? मघाशी झाडू आणि ब्लीचिंग पावडरचा डबा घेऊन गेले. मला वाटलं, जिना धुतायत."

माझ्या हातातली बशी खाली पडली.

कसे जिने चढले, देव जाणे. ऑपरेशननंतर मला हॉस्पिटलात सांगितलेलं होतं, धावायचं नाही, वजन उचलायचं नाही. गीता आणि दिनकर मागोमाग येत होते; मी पोट धरून चढत होते आणि खाली ओरडत होते, "गर्गजी, मोटर बंद कीजिए! चाबी लाइए!" वर पोचले तर डीजेचा धबधबा. टाकीजवळ गेल्यावर ऐकू आलं. झाकणावर आतून मुठी मारल्याचा आवाज. आणि त्या वाकड्या पाइपातून, ज्याला अजून जाळी लावली नव्हती, खोकला येत होता. पाइपाला तोंड लावून डॉक्टर करंदीकर श्वास घेत होते.

"सुबोधभाऊ, आलो आम्ही! तोंड तिथेच ठेवा!" मी पाइपात ओरडले.

घडलं होतं असं. सोमवारपर्यंत थांबायला त्यांचं मन तयार होईना. स्वतःची चूक स्वतःच्या हाताने धुवायची, आणि कुणालाही न सांगता, म्हणे सरप्राइज. मोटर बंद केली, टाकी तळाच्या नळातून रिकामी केली, अॅल्युमिनियमची आखूड शिडी आत लावून उतरले, आणि ओल्या भिंतींवर ब्लीचिंग पावडर भुरभुरून घासायला लागले. बंद जागेत, एकटे, वर कोणी नाही, मोटरच्या बटणापाशी पाटी नाही. आयुष्यभर ज्याने विषारी वायूंवर पेपर लिहिले, तो माणूस क्लोरीनच्या वासात स्वतःला कोंडून घेत होता, आणि वरून माझा आज्ञाधारक नवरा आत न डोकावताच कुलूप घालत होता. आत ते ओरडले, पण डीजे आणि दिनकर, दोघांपुढे कुणाचं काय चालणार?

गर्गजी मोटर बंद करून किल्ली घेऊन आले. दिनकरनी झाकण उचललं आणि नाकात मिरची गेल्यासारखा वास बाहेर आला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि आमचे हे, बघा, एक पाय आत टाकून उतरायलाच निघाले!

मी त्यांची कॉलर धरली. "खबरदार! एक आत आहे तेवढा पुरे, दुसरा नको! आत उतरायचं नाही कुणीही!"

मला माहीत होतं ते एवढंच की अशा टाक्यांतून एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दुसऱ्याला काढायला तिसरा, आणि मग पेपरात तिघांचे फोटो येतात. गर्गजींनी वाळत घातलेली चादर ओढली आणि टाकीच्या तोंडावर जोरजोराने हलवायला लागले, हवा आत जावी म्हणून. गीता नवऱ्याला हाक मारत होती, "अहो, शिडी धरा, वर या, हळूहळू या." मी काठाशी उभी होते आणि मला हात लावायची परवानगी नव्हती. इतका राग मला जन्मात आला नव्हता आणि इतकी भीतीही वाटली नव्हती, सुरुचीच्या ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा नाही. तेव्हा मी स्वतःच बेशुद्ध होते.

शिडीवर आधी टक्कल दिसलं, मग लालबुंद डोळे. तिघांनी काखेत हात घालून त्यांना बाहेर काढलं. वाऱ्याच्या बाजूला बसवलं, डोळ्यांवर बाटलीबंद पाणी ओतलं. खोकल्याची उबळ थांबल्यावर डॉक्टर पहिलं वाक्य बोलले ते असं:

"आत हवा किती आहे... ते आधी मोजायला हवं होतं."

"अकलेचं काय? ती कधी मोजणार होतात?" मी म्हटलं, आणि तिथेच गच्चीवर फतकल मारून रडायला लागले.

त्यांना हॉस्पिटलात नेलं. क्लोरीनचा त्रास कधी कधी काही तासांनी वाढतो म्हणून रात्रभर ऑक्सिजनवर ठेवलं. सकाळी गीताचा फोन आला, ठीक आहेत, नर्सला ऑक्सिजनच्या आकड्यांबद्दल शंका विचारतायत. तेव्हा मला खात्री पटली की माणूस वाचला.

एजन्सीवाले सोमवारी आले. डॉक्टर डिस्चार्ज घेऊन थेट गच्चीवर खुर्ची टाकून बसले, तोंडावर ओला रुमाल, घसा बसलेला, त्यामुळे पहिल्यांदाच सूचना देऊ शकत नव्हते. मोटरचा फ्यूज काढून गर्गजींनी खिशात घातला आणि बटणावर कागद चिकटवला. झाकण सकाळपासून उघडं, आत पंख्याने हवा मारलेली, यंत्राने हवा तपासलेली. जितकं घासता येईल तितकं बाहेरूनच, लांब दांड्याच्या ब्रशने. शेवटी एक जण कमरेला दोर बांधून उतरला, आणि दोराचं टोक धरून वर दोघं, त्यांनी जागा सोडायची नाही. गाळ बादल्यांनी वर आला. मी मोजल्या नाहीत, पण शेवटच्या बादलीत जे कबूतर होतं ते बघून शेजारच्या ब्लॉकमधल्या दोघींनी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही.

भिंती घासून, धुऊन, घाण पाणी तळाच्या नळाने बाहेर काढलं, घराच्या पाइपात जाऊ दिलं नाही. मग सगळे बाहेर आल्यावर टाकी भरली आणि ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, खाली बसू देऊन, वरची नितळ निवळी तेवढी टाकीत ओतली. हजार लिटरला दीडेकशे ग्रॅम, ताज्या पावडरीचं. घराघरांत फिल्टर बंद, आणि एकेक नळ सोडून बघायचा, क्लोरीनचा वास आला की बंद. पाइपही धुतले गेले पाहिजेत ना. ते पाणी रात्रभर तसंच ठेवलं, कुणी वापरायचं नाही. सकाळी सगळं सोडून दिलं आणि ताजं भरलं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या प्रणिताने तरी त्यातलं बादलीभर तुळशीला घातलंच. तुळस गेली. आता ती तुळस मीच मारली असं सांगत फिरते.

बुधवारी सकाळी, वास गेल्यावर, डॉक्टरांनी नमुना घेतला. आमच्या बाथरूममधून, शॉवरच्या नळातून. नळ शेकला आणि बाटली भरण्याआधी माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, हा टाकीचाच ना?" गुरुवारी सकाळी बाटली जशीच्या तशी होती.

त्याच सकाळी चौथी बैठक झाली: टाकी किती वेळा धुवायची. गर्गजी म्हणाले, दिवाळीच्या आधी एकदा, जैसे सब करते हैं. मी म्हटलं, दर महिन्याला. माझी पोर त्या पाण्यात अंघोळ करणार आहे, मला कुणाचं काही ऐकायचं नाही. पैसे मी देते. मूत्रपिंड दिलेल्या बाईशी वाद कोण घालणार?

डॉक्टर करंदीकर घोगऱ्या आवाजात बोलले. हातात फाइल नव्हती.

"दर महिन्याला धुतली तर दर महिन्याला एक माणूस आत उतरणार, ताई. मी उतरून आलोय. झाकण घट्ट असेल, पाइपला जाळी असेल, तर महिन्याभरात टाकीत इतकी घाण होत नाही. आपलं पाणी खारं आहे, गाळ येतो, म्हणून सहा महिन्यांनी धुवू. एप्रिलमध्ये एक, पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये एक. मधल्या काळात दर महिन्याला फक्त वरून टॉर्च मारून बघायचं, झाकण आणि जाळी तपासायची, आणि चाचणी करायची. बाथरूमच्या नळाची. झाकण फुटलं, पाण्याला वास आला, पाइपची कामं झाली, तर कॅलेंडर न बघता लगेच धुवायची."

"आणि सुरुचीसाठी?"

"सुरुची पाणी उकळूनच पिईल. तिच्या नळाची चाचणी मी दर आठवड्याला करेन. ते मी करू शकतो. पण कुणाला दर महिन्याला त्या भोकात उतरवायला मी हो म्हणणार नाही." ते माझ्याकडे वळले. "आत ना, ताई, फार अंधार असतो."

मी विरोध केला नाही. मला माझंच डोकं आत दिसलं, कॉलर धरलेल्या नवऱ्याचं दिसलं, दोर बांधून उतरलेल्या त्या अनोळखी माणसाचं दिसलं. त्यालाही कुठेतरी आई असेलच की. सहा महिने ठरलं. आणि आश्चर्य म्हणजे पाचवी बैठक ठरली नाही.

दुपारी सुरुची आली. मास्क लावलेली, गालांवर औषधांची सूज, पण चाल स्वतःची. दारात मी भाकरतुकडा ओवाळून टाकला; तिने डोळे फिरवले आणि चपला काढून सरळ बाथरूमकडे निघाली.

"पहले कुछ खा तो ले," मी म्हटलं. चिडले की मीही हिंदीतच चिडते.

"मम्मा. शॉवर."

दार लागलं. मी बाहेर स्टूल टाकून बसले. कडी लावू नकोस एवढं सांगून ठेवलं होतं. मग पाणी सुरू झालं. आणि मग पोर गायला लागली. बेसूर, काय गातेय तेही कळेना, पण मोठमोठ्याने. दीड वर्षात या घरात ती कधी गायली नव्हती.

डॉक्टर करंदीकर जिन्यात घुटमळत होते. आत यायला संकोच वाटत असावा. मी त्यांना दुसरं स्टूल दिलं. दोघंही ऐकत बसलो. दिनकरनी, काय झालं कोण जाणे, खिशातून मशीन काढून कानात घातलं.

अर्धा तास होऊन गेला. खालून गर्गजींची हाक आली, "भाभीजी! कोई नल खुला रह गया क्या? टंकी खाली हो रही है!"

मी कठड्यावरून खाली वाकले.

"होने दीजिए, गर्गजी!" मी म्हटलं. "आज ख़ाली होने दीजिए!"